शब्दचर्चा: 'क्रॉस-होल्डिंग' आणि 'सर्क्युलर ओनरशिप' एकच का?

मृदुला
एका ग्रुपच्या तीन लिस्टेड कंपन्यांचे शेअरहोल्डिंग पॅटर्न शेजारी शेजारी ठेवून वाचतेय आणि त्यावर मराठीत एक टिपण लिहायचंय. नावं देत नाही, क, ख, ग म्हणूया. क कडे ख चे 40%, ख कडे ग चे 50%, आणि ग कडे परत क चे 30%. याशिवाय फॅमिलीकडे क चे थेट 20% आहेत, ख आणि ग मध्ये फॅमिलीचं स्वतःच्या नावावर काहीच नाही, उरलेलं सगळं पब्लिक. यावर जे काही वाचायला मिळालं त्यात कोणी याला क्रॉस-होल्डिंग म्हणतं, कोणी सर्क्युलर. दोन्हीला 'परस्पर भागधारणा' लिहिलं तर चालेल का? आणि दुसरं, क च्या टेबलात प्रमोटर ग्रुप टोटल 50% दाखवलंय, मग "निम्मी कंपनी फॅमिलीच्या मालकीची" असं वाक्य बरोबर होईल ना?

सदानंद
एकच आहे हो, एकमेकांचे शेअर धरले की क्रॉस-होल्डिंग, मग दोघं असोत की दहा. परस्पर भागधारणा छान शब्द आहे, बिनधास्त वापरा. पण मुळात हे कायद्याने बंद आहे, सबसिडियरीला पॅरेंटचे शेअर घेता येत नाहीत, त्यामुळे तुम्ही बघताय ते जुनं राहून गेलेलं असणार.

नचिकेत
माझ्या तीन फंडांमध्ये पण असंच आहे, तिघांच्याही टॉप टेनमध्ये त्याच चार बँका, म्हणजे मी डायव्हर्सिफाय केलंय असं वाटतं पण सगळा पैसा तिथेच. यालाच क्रॉस-होल्डिंग म्हणतात ना? यावर उपाय काय, एक फंड विकू का?

वैदेही_ऑडिट
नचिकेत, तुम्ही म्हणताय तो ओव्हरलॅप. तिथे तीन वेगळे लोक बाहेरच्या एकाच कंपनीत पैसे घालतात, त्या कंपनीकडे त्या फंडांचं काही नसतं, म्हणजे बाण परत येत नाही. इथला सगळा प्रश्न बाण परत येण्याचाच आहे, फंडांसाठी वेगळा धागा काढा.

सदानंदजी, तुमचं अर्धं बरोबर आहे. भारतात कंपनी कायदा 2013 च्या कलम 19 प्रमाणे सबसिडियरीला तिच्या होल्डिंग कंपनीचे शेअर घेता येत नाहीत हे खरं, पण सबसिडियरी कधी, तर अर्ध्याहून जास्त मतं हातात असली किंवा बोर्ड कोण बसवणार हे ठरवता येत असलं तर. मृदुलाताईंचे आकडे बघा, 40, 50, 30. 50 म्हणजे बरोब्बर निम्मं, निम्म्याहून जास्त नाही. बोर्डावरचा ताबा सिद्ध झाला नाही तर या तिघींपैकी एकही दुसरीची सबसिडियरी ठरत नाही आणि कलम 19 लागूच होत नाही. शिवाय एखाद्या कंपनीकडे सबसिडियरी व्हायच्या आधीपासून ते शेअर असतील तर ती ते ठेवू शकते, फक्त मत देता येत नाही. म्हणून "बंद आहे" असं सरसकट लिहू नका.

आता शब्द. दोन कंपन्यांनी एकमेकींचे शेअर धरले की क्रॉस-होल्डिंग, तिथे 'परस्पर' चपखल बसतं. तुमच्या केसमध्ये क आणि ख परस्पर नाहीतच, ख कडे क चा एकही शेअर नाही. कुठलीही जोडी उचला, एकाच दिशेने होल्डिंग दिसेल, त्यामुळे जोडी-जोडीने तपासणाऱ्याला यात काहीच सापडणार नाही, तिन्ही कागद एकत्र ठेवल्यावरच फेरा दिसतो. म्हणून इथे 'परस्पर' लिहिलं तर वाचणारा चुकीच्या जागी शोधत बसेल. मी 'चक्राकार मालकी' लिहिते.

आणि "निम्मी कंपनी फॅमिलीची" हे वाक्य कृपा करून लिहू नका. हिशेब असा. क मध्ये फॅमिलीचा खरा वाटा किती ते अजून माहीत नाही, त्याला य म्हणा. ख मध्ये त्यांचं जे आहे ते क मार्फतच, म्हणजे य च्या 40%. ग मध्ये त्याच्याही निम्मं, म्हणजे य च्या 20%. आणि ग कडे क चे 30% आहेत, तर तिकडून फिरून आलेला वाटा य च्या 6%. म्हणजे य = थेट 20% + य च्या 6%. 20 ला 0.94 ने भागा, येतात साधारण 21.3%. पैशात बघितलं तर क मध्ये फॅमिलीचे 21.3%, ख मध्ये 8.5%, आणि ग मध्ये जेमतेम 4.3%. पण ग चं 30% मत कुठे टाकायचं हे ग चं बोर्ड ठरवणार, त्या बोर्डावर ख चा जोर, ख वर क चा, आणि क फॅमिलीच्या हातात, म्हणून क च्या मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने 50% मतं पडतात. टेबलातलं 50% हे ताब्याचं माप आहे, मालकीचं नाही, आणि मधले साधारण 29 टक्के पब्लिकच्या पैशातून उभे राहिलेत.

मृदुला
हे फारच उपयोगी झालं, वैदेहीताई. एक शंका, फेऱ्यातून फक्त 6% फिरून येतं, म्हणजे मालकीत सव्वाएक टक्क्याचा फरक. मग याला इतकं महत्त्व कशाला द्यायचं, दुर्लक्ष केलं तर?

वैदेही_ऑडिट
पैशाच्या बाजूने छोटं दिसतं ते गुणाकारामुळे, मतं अशी गुणली जात नाहीत. सगळ्यात माहितीतलं उदाहरण कोरियाचं, ह्युंदाई मोबिसकडे ह्युंदाई मोटरचे सुमारे 21%, ह्युंदाई मोटरकडे किआचे सुमारे 34%, आणि किआकडे मोबिसचे सुमारे 17%. तिन्ही गुणले तर 1.2% च्या आसपास येतं, पण तेवढ्या फेऱ्यावर अख्ख्या ग्रुपचा ताबा टिकून राहिला. 2018 मध्ये तो सोडवायची योजना त्यांनी आणली आणि शेअरहोल्डरांचा विरोध बघून मे महिन्यात मागे घेतली. कोरियाने 2014 पासून मोठ्या ग्रुपना नवे फेरे करायला बंदी घातली, पण जुने तोडायची सक्ती केली नाही, कारण तोडायचं म्हणजे कुणीतरी खरा पैसा घालून ते शेअर विकत घ्यायला हवेत.

हा खऱ्या पैशाचा मुद्दा ताळेबंदात बघा. क ने ख चे 100 रुपयांचे नवे शेअर घेतले, ख ने त्याच 100 रुपयांतून ग चे नवे शेअर घेतले, ग ने त्यातून परत क चे. तिघींचंही भांडवल 100 ने वाढलेलं दिसतं, बेरीज केली तर 300 वाढलं, आणि बाहेरून एक रुपयाही आलेला नाही. बँक कर्ज देताना एकेका कंपनीचं नेटवर्थ बघत असेल तर तिला हे कळणार नाही. म्हणून फरक टक्क्यात किती येतो यावर जाऊ नका.

प्रसाद
कंपन्या जास्त असतील तर डोळ्याने शोधू नका. कोण कोणाचे शेअर धरतं याच्या जोड्या करा आणि हे चालवा, सगळे फेरे बाहेर येतात:

```python
import networkx as nx
g = nx.DiGraph([("क","ख"), ("ख","ग"), ("ग","क")])
print(list(nx.simple_cycles(g)))
```

यात दोन कंपन्यांचं क्रॉस-होल्डिंग पण निघतं, दोन लांबीचा फेरा म्हणून. त्यामुळे मला सदानंदकाकांचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही, सर्क्युलर हा मोठा शब्द आणि क्रॉस हा त्यातला सगळ्यात छोटा प्रकार. एकच काळजी घ्या, बाण नेहमी धरणाऱ्याकडून कंपनीकडे. शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये माहिती उलटी असते, तिथे "माझे शेअर कोणाकडे" लिहिलेलं असतं, अर्ध्या जोड्या तिथून आणि अर्ध्या दुसरीकडून घेतल्या आणि दिशा मिसळली की फेरा दिसेनासा होतो किंवा नसलेला उगवतो.

वैदेही_ऑडिट
प्रसाद, कोड बरोबर आहे पण तो डेटा चांगला असेल तरच. खरी अडचण कड्या गळण्याची. लिस्टेड कंपन्या पॅटर्न देतात, पण मध्ये एखादी अनलिस्टेड इन्व्हेस्टमेंट कंपनी असली की धागा तिथेच तुटतो, तिचा तिमाही पॅटर्न नसतोच. म्हणून मी दोन्ही टोकांनी जाते. पॅटर्नमधून "माझे शेअर कोणाकडे", आणि ॲन्युअल रिपोर्टमधल्या गुंतवणुकीच्या नोटमधून "मी कोणाचे धरलेत". दोन्ही याद्या जुळल्या पाहिजेत. ग म्हणते माझ्याकडे क चे 30% आणि क च्या टेबलात ग समोर 26% असेल तर आधी तारखा बघा, एक आकडा मार्चअखेरचा आणि दुसरा सप्टेंबरचा असू शकतो. तारीख तीच असूनही 4% कमी भरत असतील तर ते दुसऱ्या नावावर आहेत का ते शोधायचं.

पब्लिकच्या टेबलात भारतात 1% किंवा जास्त असेल तरच नाव छापतात, तेव्हा ग्रुपच्या चार-पाच छोट्या कंपन्यांकडे प्रत्येकी 0.9% असेल आणि त्या प्रमोटर ग्रुपमध्ये दाखवल्या नसतील तर पॅटर्नवरून कळायचा मार्गच नाही. आणि नावावर जोडू नका, कंपन्या नावं बदलतात, रजिस्ट्रेशन नंबरवर जोडा.

सदानंद
कलम 19 चं पटलं, निम्म्याची गोष्ट माझ्या लक्षात नव्हती. पण आमच्या ग्रुपमध्ये एक वेगळाच प्रकार होता. मर्जर झालं तेव्हा एका कंपनीकडे दुसरीचे शेअर होते, ते रद्द न करता एका ट्रस्टला दिले आणि ट्रस्टचा लाभार्थी पुन्हा तीच कंपनी. म्हणजे कंपनीच स्वतःची शेअरहोल्डर. हा फेरा एका लांबीचा म्हणायचा का? आणि ट्रस्टींनी मत दिलं तर ते कोणाचं?

प्रसाद
ट्रस्ट मध्ये धरला तर दोन लांबीचा होतो, कंपनी ते ट्रस्ट, ट्रस्ट ते कंपनी. ट्रस्ट काढून टाकला तर स्वतःकडेच येणारा बाण.

वैदेही_ऑडिट
हिशेबाला मी तो स्वतःकडचा बाणच धरते आणि ते शेअर एकूण शेअर्समधून वजा करून बाकीच्यांचे टक्के काढते, पण माझ्याच ऑफिसमधले दोघं याला तयार नाहीत, त्यांचं म्हणणं मतं अजून जिवंत आहेत तर वजा कसे करता. मालकी काढायची असेल तर वजा, ताबा काढायचा असेल तर नाही, असं मला वाटतं. मराठीत याला 'स्वधारणा' म्हणावं का, पण मग परदेशात कंपन्या बायबॅक करून स्वतःकडे ठेवतात ते शेअरही त्यातच येतील आणि ते वेगळं आहे.

मृदुला
मग टिपणात दोन कंपन्यांसाठी 'परस्पर भागधारणा', तीन किंवा जास्तसाठी 'चक्राकार मालकी' लिहिते, आणि फॅमिलीसमोर दोन आकडे देते, मतं 50% आणि आर्थिक वाटा 21.3%. सदानंदकाका, तुमच्या ट्रस्टवाल्या केसमध्ये ते शेअर पॅटर्नच्या कुठल्या टेबलात दाखवले होते, प्रमोटर, पब्लिक, की दोन्हीत नसलेलं तिसरं टेबल? मिळालं तर त्यावरून शब्द ठरवू.