बक्षीस आपल्याच मालाचं ठेवा

"सोशल मीडियावरच्या स्पर्धेत बक्षीस मोठं ठेवलं की फॉलोअर वाढतात, पण निकाल लागला की निम्मे गायब. मग बक्षीस लहान ठेवायचं का?"

लहान-मोठ्यापेक्षा ते कोणाच्या कामाचं आहे, हे बघा. आमचं लाकडी घाण्याचं तेल. पहिल्या वेळी आम्ही ब्लूटूथ इअरफोन ठेवले होते. ते कोणालाही हवेच असतात, त्यामुळे तेलाशी देणंघेणं नसलेली मंडळी आली आणि मित्रांना टॅग करण्याच्या अटीमुळे त्यांच्यासारखीच आणखी आली. दुसऱ्या वेळी शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा ठेवला, तोही दुकानातून घेऊन जायचा. टॅग-शेअर काही नाही, फक्त व्हॉट्सॅपवर दोन उत्तरं: घरी सध्या कोणतं तेल आहे आणि महिन्याला किती लागतं? प्रवेशिका फारच कमी आल्या. पण रिफाइंड वापरणारे कोण, हे त्या उत्तरांतूनच कळलं.

खरी विक्री न जिंकलेल्यांमध्ये असते. निकालाच्या दिवशीच त्यांना अर्ध्या लिटरच्या बाटलीवर दहा दिवसांची सवलत पाठवा. आठवड्याने पाठवली तर लोक स्पर्धाच विसरलेले असतात. कूपनचा कोड या स्पर्धेपुरता वेगळा ठेवा आणि तो वापरणाऱ्यांची दुसरी खरेदी मोजा. पहिली बाटली सवलतीसाठी कोणीही नेतं (आमच्या नातेवाइकांनीही नेली!). डबाही फार मोठा ठेवू नका, नाहीतर तो विकून पैसे करणारे येतात.