मदत हवी आहे: पीठ फुगलंय की नाही फोटोवरून सांगा, इडल्या चपट्या होतायत

हिरवीमिरची: पुण्यात सध्या थंडी आहे, म्हणून ओव्हनचा दिवा लावून त्यात पीठ रात्रभर ठेवलं होतं, साधारण 14 तास. 1 वाटी उडीद डाळ, 3 वाट्या इडली रवा. सकाळी बघते तर पातेलं अर्धंच, पीठ आलंच नाही असं वाटलं. 12 मिनिटं वाफवल्या तरी इडल्या चपट्या आणि चिकट. पहिला फोटो पातेल्याचा वरून, दुसरा बाजूने, तिसरा कापलेल्या इडलीचा. मुलीच्या डब्यासाठी केलेल्या, तिने तशाच परत आणल्या, फार वाईट वाटलं.

ताकपिठलं: डाळ कमी पडतेय. रव्याला 1:2 घ्या, मी नेहमी तेच घेते.

वाफाळता_चहा: माझ्या डोशाला रंगच येत नाही, थंडीमुळे असेल का?

जुनं_पातेलं: चहा, तुझ्यासाठी वेगळा धागा काढ गं, इथे गोंधळ होईल.
मिरची, दुसरा फोटो मोठा करून बघ. आतल्या कडेला पिठाच्या वर दोन बोटं वाळलेली रेघ दिसतेय ना, पीठ तिथपर्यंत चढून परत खाली बसलंय. म्हणजे आंबलं नाही असं नाही, जास्त आंबलं. हाताने फेटताना उडालेले शिंतोडे तुटक तुटक दिसतात, ही रेघ सलग आहे. पहिल्या फोटोतही मधे खड्डा आणि मोठाले फुटके बुडबुडे आहेत. आंबट वास मात्र फोटोत येत नाही, तो तूच सांग.
तिसऱ्या फोटोत वर भोकं आणि खाली घट्ट चिकट थर आहे, तो रवा तळाशी बसल्याचा. पीठ पातळ असेल किंवा डाळ हलकी वाटली गेली नसेल. वाटलेल्या डाळीचा थेंब पाण्यात टाक, तरंगला पाहिजे.

हिरवीमिरची: ताई वास खूपच आंबट होता!! आणि थेंब नाही टाकून बघितला, पण डाळ मिक्सरमधे एका दमात फिरवली, भांडं हाताला कोमट लागत होतं.

जुनं_पातेलं: मग गार पाणी थोडं थोडं घालून, थांबत थांबत वाट. 7-8 तासांनी दार उघडून बघ, दुप्पट झालं की लगेच बाहेर काढ. उरलेल्या पिठाचे कांदा घालून उत्तपे कर, टाकू नकोस.

ताकपिठलं: तरी 1:2 करून बघाच, 3 वाट्या रवा जड पडतो.

हिरवीमिरची: केलं ताई. थेंब तरंगला, 8 तासांत पातेलं काठोकाठ भरलं. इडल्या छान फुगल्या, पण तळाला अजून पातळसा चिकट थर आहे, नवीन फोटो टाकलाय. रवा भिजवून पिळला नव्हता, जास्तीचं पाणी त्यातूनच गेलं असेल का? की खरंच 1:2 घेऊ?