वीस सेकंदांत मी कोण आणि दुखणं काय : डेमो डेचे अनुभव

कोकणातून स्टार्टअप घेऊन डेमो डेला उभे राहिलेल्यांनी लिहा. बाकीचं पिच नको. फक्त सुरुवातीचे वीस सेकंद, म्हणजे स्वतःची ओळख आणि अडचण. काय बोललात, कुठे आपटलात?

कलमवाली, देवगड
आम्ही हापूसमधला साका फळ न कापता ओळखायचं यंत्र करतोय. पहिल्या तालमीत मी म्हणाले होते : "नमस्कार, आमची कंपनी काढणीपश्चात तंत्रज्ञानात काम करते, आमची टीम चार जणांची आहे, आम्ही बागायतदारांना सक्षम करतो..." मोबाईलवर वेळ लावली होती. वीस सेकंद संपले तरी आंब्याचं नाव नाही! चुलतभावाला विचारलं, काय कळलं? म्हणाला, "कायतरी शेतीचं."

मग कागदावर शब्द मोजले. मी मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलते, म्हणजे वीस सेकंदांत चाळीसच. शिवाय स्टेजवर पोचेपर्यंतच्या टाळ्यांत दोन-तीन सेकंद जातात, म्हणून छत्तीसच ठेवले :

"नमस्कार, मी देवगडची. आमची पाचशे कलमं आहेत, आणि बारा हंगाम पेट्या मी भरल्या आहेत. हापूस बाहेरून पिवळाधमक दिसतो, कापला की आत साका. कापल्याशिवाय तो ओळखता येत नाही. गिऱ्हाईक पैसे परत मागतं, आणि पेटी बागायतदाराच्या अंगावर पडते."

बघा, यंत्राचा उल्लेख नाही. तो आला की ऐकणारा यंत्राबद्दल विचार करायला लागतो आणि अडचण निसटते. डिग्रीही काढली. बारा हंगाम पेट्या भरल्यात, हे इथे डिग्रीपेक्षा जड.

तरी फसलेच. डेमो डे पुण्यात, डिसेंबरात. परीक्षकांपैकी एकाला साका म्हणजे काय ते माहीतच नव्हतं, आणि दाखवायला आंबा कुठून आणणार? पुढच्या वेळी "आत साका" च्या जागी "आतला गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट" असं केलं आणि मागे कापलेल्या फळाचा फोटो लावला. तीन शब्द वाढले, मग पाचशे कलमांचं वाक्य गेलं. माझ्या जिवावर आलं होतं ते!

बंदरावरचा, हर्णै
यात एवढं काय आहे? प्रश्नाने सुरुवात करा, लोक जागे होतात. मी विचारलं होतं, "तुम्ही खाता ती मासळी किती दिवसांची असते, माहीत आहे?" सगळे बघत राहिले.

कलमवाली, देवगड
जागे झाले, पण उत्तर कोणी दिलं?

बंदरावरचा, हर्णै
मागून एक जण म्हणाला, "आम्ही शाकाहारी!" हॉल हसला आणि माझे आठ सेकंद गेले. प्रश्न वाईट नाही हो, पण उत्तराची वाट बघायची नसते. आता सरळ सांगतो : बर्फ कमी पडला की होडी मासळी असूनही लवकर परत फिरते. दर्यावर गेलेला माणूस लगेच मान हलवतो. मुंबईचा हलवत नाही, ते मात्र खरं.

काजूबी, वेंगुर्ला
माका एक सांगा, डेमो म्हणजे आमच्या काजू सोलायच्या मशीनचो डेमो ना? मेळाव्यात आम्ही वीस सेकंदांत बी फोडून दाखवतो. गर तुटता कधीकधी, पण लोकांका आवडता.

कलमवाली, देवगड
काका, हा तो डेमो नव्हे. इथे गुंतवणूकदारांसमोर बोलायचं असतं. पण तुमचा तुटलेला गर इथे उपयोगाचा आहे. अख्ख्या गराला जो भाव, तो तुकड्याला नाही, आणि हेच तुमचे वीस सेकंद.

जुना मेंटॉर, रत्नागिरी
मी बरेच डेमो डे ऐकलेत. माझी चाचणी साधी. ज्याला धंदा माहीत नाही अशा माणसाला एकदाच ऐकवा, चहा होऊ द्या, मग विचारा, "कोणाला काय त्रास होतो?" त्याने माणूस आणि त्रास दोन्ही सांगितले तर जमलं. नुसतं "हापूसचं काहीतरी" आलं, तर माणूस हरवलाय. देवगडच्या ताईंच्या वाक्यात तो शेवटी येतो, बागायतदार. मी त्याला आधी आणला असता.

नावाचं सांगायचं तर सूत्रसंचालक नाव घेतोच, मग पुन्हा कशाला?

कलमवाली, देवगड
सर, माझं आडनाव त्याने चुकीचं घेतलं होतं. नंतर भेटायला आलेला माणूस त्याच नावाने शोधत होता. तेव्हापासून नाव मीच घेते, दोन शब्द गेले तर गेले. बागायतदार आधी आणून बघते, पण मग पिवळाधमक फळाचा धक्का पुढे ढकलला जातो. तुमचं तुम्हीच एकदा म्हणून बघा.

जुना मेंटॉर, रत्नागिरी
म्हणून बघितलं. तेवीस सेकंद झाले.