मदत हवी आहे: काहीही सांगायला जा, नवरा माझीच तक्रार काढतो

तगर_७: वैतागलेय अगदी. नवऱ्याला काहीही सांगा, तो उलट माझीच एखादी चूक काढतो आणि मी सांगितलेलं तिथेच राहतं. परत शेवटी सॉरी मीच म्हणते. भांडखोर नाहीये तो, दारू वगैरे काही नाही. अशा माणसाशी बोलायचं कसं? प्लीज लवकर सांगा.

बंडोपंत: किती वर्षं झाली लग्नाला? सासू-सासरे सोबत असतात का? काहीच सांगितलं नाहीये तुम्ही.

तगर_७: सहा वर्षं. दोघंच असतो, वन बीएचके. पण त्याने काय फरक पडतो?

ओवी: फरक पडतो. शेवटचं भांडण जसंच्या तसं लिही, कोण काय बोललं ते.

तगर_७: बरं. त्याने त्याच्या मावसभावाला फॅमिलीसकट गणपतीत राहायला बोलावलं, मला न विचारता. मी म्हटलं, "तू नेहमी मला न विचारताच सगळं ठरवतोस." तो म्हणे, "मे महिन्यात तुझी आई पंधरा दिवस होती तेव्हा मी काही बोललो?" मी म्हटलं आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ती काय मजा करायला आली होती का. तो म्हणे ऑपरेशन दोन दिवसांचं. मग मी त्याच्या बहिणीचं काढलं, मग त्याने माझ्या मोबाइलचं काढलं. मावसभाव तर येतोयच.

कोकणी_काका: पाच-सहा माणसं वन बीएचकेत आरामात मावतात हो, गाद्या हॉलमध्ये घालायच्या. आमच्याकडे गणपतीला वीस जण असतात.

तगर_७: काका, प्रश्न तो नाहीये 🙏

ओवी: मी जोडप्यांचं समुपदेशन करते म्हणून दोनच जागा दाखवते. पहिली म्हणजे तुझा "नेहमी". तक्रार एका आमंत्रणाची होती, पण "नेहमी" म्हटल्यावर ती त्याच्या स्वभावावर गेली, मग तो स्वतःला वाचवायला हाताशी येईल ते काढणार. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं रेकॉर्ड करून वर्षानुवर्षं अभ्यासली, सुरुवात कशी होते यावर पुढचं बरंच ठरतं हे त्यात दिसलं. दुसरी जागा जास्त महत्त्वाची. त्याने आईचं काढलं आणि तू ऑपरेशनचा खुलासा केलास. विषय त्याने नाही, तू तिथे बदललास. खुलासा देऊ नकोस. "आईच्या वेळी तुला त्रास झाला ते मला ऐकायचंय, उद्या जेवल्यावर बोलू. आत्ता गणपतीचं ठरवू," एवढंच म्हण. आणि उद्या तू स्वतःहून तो विषय काढ. नाही काढलास तर पुढच्या वेळी त्याचा विश्वास बसणार नाही.

बंडोपंत: अमेरिकेतलं इथे चालत नाही. तिथे मावसभाव न विचारता येतच नाही. माझं ऐका, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, पुरावा राहतो.

ओवी: आमंत्रणाचा प्रश्न इथला आहे हे मान्य. पण पुरावा कोणाला दाखवणार? लिहून पाठवलं तर त्याला शांतपणे वाचता येतं एवढा फायदा आहे. स्क्रीनशॉट काढून भांडायला लागलात तर तोही गेला.

सडाफटिंग: मी त्या नवऱ्याच्या बाजूने बोलतो. आमच्या घरी मी कधीच आधी तक्रार करत नाही, बायकोची सुरू झाली की माझी आठवते, कारण एरवी बोलायला गेलो की "आत्ता नको, दमलेय". मग मी कधी बोलायचं? हिला पंधरा दिवस आई चालते आणि त्याला चार दिवस भाऊ नाही, हा मुद्दा खोटा आहे का?

तगर_७: आई येणार हे मी त्याला आधी विचारलं होतं!!

ओवी: बघ, परत खुलासा :) आणि सडाफटिंग यांचा मुद्दा खरा आहे. बऱ्याचदा उलट तक्रार म्हणजे साठलेलीच तक्रार असते, तिला दुसरी जागा नसते. आठवड्यातून एकदा आधी त्याला बोलू दे, तू मध्ये न बोलता ऐक, मग तुझी पाळी. छातीत धडधडायला लागलं की दोघांनी निदान वीस मिनिटं थांबा, पण "साडेनऊला परत बोलू" असं सांगून उठा, नुसतं उठून गेलात तर ती टाळाटाळ वाटते.

निलू_ठाणे: हे सगळं बायकांनीच का शिकायचं? माझ्या एक्सबरोबर मी असंच शांतपणे बोलत राहिले आणि तो हसायचा, नकला करायचा. सोडलं शेवटी.

ओवी: तुमची केस वेगळी आहे. नकला, हेटाळणी, भीती असेल तर असल्या वाक्यांनी काही होत नाही. तगर, तसं काही आहे का?

तगर_७: नाही, तसं नाही. काल रात्री म्हणून पाहिलं. तो म्हणाला "हे कुठून शिकून आलीस?" आणि हसला. मग आईच्या वेळी हॉलमध्ये झोपून त्याची पाठ धरली होती हे सांगितलं, मला माहीतच नव्हतं. पण मावसभावाचं परत राहिलंच, "आता बोलावलंय तर काय करू" म्हणे.

सडाफटिंग: तेच तर! पाठ!

ओवी: चार दिवसांपैकी किती रात्री राहणार आणि स्वयंपाक कोण करणार, एवढंच विचार आज. "का बोलावलंस" नको.

कोकणी_काका: गाद्या लागल्या तर मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात.