बाहुलीला जेवू घाला

>मुलगी दोन वर्षांची आहे. 'आई पाणी', 'बाबा गेले' एवढंच बोलते. तिच्याशी लुटुपुटूचे कोणते खेळ खेळू? आम्ही नाशिकला असतो.

एकच खेळ घ्या आणि तोच रोज खेळा, बाहुलीला जेवू घालायचा. या वयात तिने रोज पाहिलेलं काम तिला सगळ्यात लवकर जमतं. खरी वाटी, खरा चमचा आणि बाहुली पुरे. वाटी रिकामीच ठेवा.

आधी तुम्ही भरवा, "बाळ, आ कर" म्हणा आणि चमचा तिच्या हातात देऊन थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण आपण घाईने बोललो की तिला बोलायला जागाच उरत नाही. ती "बाळ मंमं" म्हणाली, तर तुम्ही एखादाच शब्द वाढवा: "बाळ मंमं खातंय." तिच्याकडून वदवून घेऊ नका. "हे काय? रंग कोणता?" असे प्रश्न सुरू झाले की मुलं खेळ सोडून उठतात.

हे जमलं की पुढचं काम जोडा: तोंड पुसणं, मग झोपवणं. नंतर चमच्याऐवजी ठोकळा देऊन बघा. तिने तो चमचा मानला नाही, तर खरा चमचा परत द्या. ते कौशल्य हळूहळू येतं.

द्राक्षांच्या दिवसांत दुकान-दुकानही छान रंगतं, पण खरी द्राक्षं खेळायला देऊ नका, घशात अडकतात. खायला देताना उभी चिरून, बसवूनच द्या.