मदत हवी आहे: मॅगसल्फ चालू असताना गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला, औषधामुळे की स्पायनलमुळे?

रात्रपाळी_सिस्टर: लेबर रूममध्ये मी नवीन आहे. ३४ आठवड्यांची पेशंट, बीपी १७०/११०, डोकेदुखी. ४ ग्रॅम लोडिंग डोस देऊन ताशी १ ग्रॅम चालू केलं. पुढे स्पायनल देऊन सिझर झालं. त्यानंतर दोन तासांनी पाहिलं तर गुडघ्याचा रिफ्लेक्स नाही. श्वास मिनिटाला १४, मागच्या चार तासांत लघवी ८० मिली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ड्रिप थांबवायला सांगितली. पण कारण नक्की कोणतं? पुढच्या वेळी कसं ओळखू?

मनमोकळा: बीपी कमी झालं असेल तर तसंही बंदच करायचं ना? मॅगसल्फ बीपीसाठीच असतं.

जुनी_भूलतज्ज्ञ: नाही हो, ते झटके येऊ नयेत म्हणून असतं. बीपीची गोळी-इंजेक्शन वेगळं. बीपी उतरलं तरी प्रसूतीनंतर साधारण २४ तास चालू ठेवतात.

सिस्टर, स्पायनलचा असर असेपर्यंत गुडघा काहीच सांगत नाही. कोपराचा रिफ्लेक्स बघायचा. तो नीट असेल तर पाय भुलीमुळे गप्प आहेत. तोही गेला असेल तर औषध साठतंय असं धरायचं.

मला मात्र जास्त काळजी ८० मिलीची वाटली. मॅग्नेशियम बाहेर पडतं ते किडनीतूनच. चार तासांत १०० मिलीपेक्षा कमी लघवी असली की रिफ्लेक्स असूनही ड्रिप रोखून डॉक्टरांना कळवावं. आधी कॅथेटरची नळी कुठे पिळली नाही ना, ते बघा.

बाळाची_मावशी: माझ्या बहिणीला हे देताना अंग भाजल्यासारखं गरम झालं होतं. तेही विषारीच होतं का?

जुनी_भूलतज्ज्ञ: नाही, लोडिंगच्या वेळी असा दाह होतोच.

रात्रपाळी_सिस्टर: नळी सरळ होती. कोपर बघितलाच नाही, चुकलं. ऑक्सिजन लावला होता, ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता, त्यामुळे जरा निर्धास्त होते.

जुनी_भूलतज्ज्ञ: तिथेच फसायला होतं. ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ चांगला राहतो. पूर्ण मिनिट छातीकडे बघून मोजा. सहसा रिफ्लेक्स आधी जातो, श्वास नंतर, म्हणून तर आपण हातोडी घेऊन फिरतो. १२ च्या खाली आला तर ड्रिप बंद, ताबडतोब डॉक्टर, आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून सावकाश, साधारण १० मिनिटांत. अँप्यूल बेडपाशीच ठेवा, कपाटात नको.

रात्रपाळी_सिस्टर: सकाळी रिपोर्ट आला, पातळी ठीक. पण रक्त ड्रिप थांबवल्यावर दोन तासांनी घेतलं होतं.

जुनी_भूलतज्ज्ञ: मग त्या घटकेला किती होती, ते या रिपोर्टवरून कळणार नाही. लघवी वाढली का?

रात्रपाळी_सिस्टर: पहाटेपासून ताशी ४० आहे. पायही हलवतेय. ड्रिप पुन्हा लावायची का, ते डॉक्टर राउंडला ठरवतील.