आधी शुद्ध सोनं काढा, मग वाटा

> आईचे दागिने आम्हा तिघा भावंडांत वाटायचेत. वजनाचे सरळ तीन भाग केले तर चालेल ना?

नको ताई, बोरमाळ घेणारा फसेल. आमच्याकडे शहापूरच्या सराफ गल्लीत काट्यावर आजीची बोरमाळ 28 ग्रॅम भरली. मण्यांत लाख होती, सोनं 24 ग्रॅमच. कॅरेट मीटरवर ते 75 टक्के निघालं, म्हणजे शुद्ध 18 ग्रॅम. मीटर वरचा थरच वाचतं, म्हणून डाग देऊन जोडलेली जागा टाळून दोन-तीन ठिकाणी तपासायला सांगा.

पाटल्या 40 ग्रॅम, 90 टक्के, शुद्ध 36. चेन 20 ग्रॅम, तीही 90 टक्के, शुद्ध 18. एकूण 72, प्रत्येकी 24. पाटल्या धाकटीला हव्या होत्या. तिच्याकडे 12 ग्रॅम जास्त गेले, दोघा भावांना 6-6 कमी पडले. चोवीस कॅरेटचा भाव हिशेबाला ग्रॅमला 10,000 धरला, तर तिने दोघांना 60,000-60,000 द्यायचे.

भाव मात्र पैसे देण्याच्या दिवशीचाच धरा, आणि तोही चोवीस कॅरेटचा. घट आधीच वजा झालीय. दागिने घरातच राहणार, तेव्हा मोडीची कपात आणि मजुरी दोन्ही सोडा. आमच्या एका काकांनी मोडीचा भाव लावला होता, बहिणींचं त्यात नुकसान झालं.